आधी आकृती, मग तक्ता: जीवशास्त्राच्या अध्यापकांस अनावृत पत्र

राज्यातील कनिष्ठ महाविद्यालयांत आणि प्रवेशपरीक्षांच्या खासगी वर्गांत जीवशास्त्र शिकविणाऱ्या सर्व अध्यापक बंधुभगिनींस,



नीट आणि सीईटी या परीक्षा जवळ येऊ लागल्या म्हणजे आपल्या वर्गांतून उजळणीचा जो हंगाम सुरू होतो, त्यात फरकांचे छापील तक्ते वाटण्याचा आता एक शिरस्ताच पडून गेला आहे. झेरॉक्सच्या दुकानातून गठ्ठे येतात, मुले ते वहीत चिकटवितात, ओळींवर पिवळा रंग फिरवितात आणि पेशीविज्ञान व जैवरेणू ही दोन प्रकरणे हातावेगळी झाली असे समजून पुढे सरकतात. अध्यापनातून निवृत्त झाल्यावरही ओळखीच्या घरांतून शंका विचारावयास येणाऱ्या मुलांच्या वह्या मी चाळीत असतो, आणि त्या वह्यांतील तक्त्यांविषयीच आपणांशी दोन शब्द बोलावे, म्हणून हा पत्रप्रपंच.

तक्त्यांवर माझा आक्षेप नाही. आक्षेप आहे तो आकृतीवाचून जन्मास आलेल्या तक्त्यांवर. तंतुकणिका आणि हरितलवक, म्हणजे मुलांच्या तोंडी असलेले मायटोकॉन्ड्रिया आणि क्लोरोप्लास्ट, यांचा प्रचलित तक्ता पाहावा. त्यात आकार, आकारमान, रंग, आढळ आणि कार्य असे पाच रकाने असतात. त्यांतील एकही नोंद खोटी नसते, आणि तरीही दोन विधाने देऊन त्यांतील खरे कोणते असे विचारणाऱ्या किंवा जोड्या लावावयास सांगणाऱ्या प्रश्नापुढे तो तक्ता पाठ असलेला मुलगा गोंधळतो. नीटच्या १८० प्रश्नांपैकी ९० प्रश्न जीवशास्त्राचे, बरोबर उत्तरास ४ गुण आणि चुकीच्या उत्तरास १ गुण वजा, असा हिशेब असल्यामुळे हा गोंधळ महागात पडतो, हे आपणांस मी सांगावयास नको. परंतु गोंधळाचे मूळ मुलाच्या स्मरणशक्तीत नसून तक्त्यात कोणासमोर कोणास बसवावे हे ज्याने ठरविले त्याच्या घाईत असते, हे मात्र सांगितले पाहिजे.

हेच उदाहरण सविस्तर घेऊ. ज्या तक्त्यात अंतर्रचनेची एखादी ओळ असते त्यात बहुधा ‘सर्वांत आतील भाग’ असा रकाना करून तंतुकणिकेखाली मॅट्रिक्स आणि हरितलवकाखाली थायलाकॉइडची पोकळी लिहिलेली आढळते. वरवर पाहता ही जोडी रास्त दिसते, कारण दोन्ही जागा खरोखरच सर्वांत आत आहेत. पण या जोडीवर विसंबून मुलगा पुढे तर्क करतो, की थायलाकॉइडच्या पोकळीत प्रोटॉन साचतात, त्याअर्थी मॅट्रिक्समध्येही ते साचत असले पाहिजेत; आणि येथे तो पार फसतो, कारण तंतुकणिकेत प्रोटॉन मॅट्रिक्समधून बाहेर, दोन पटलांमधील अवकाशात, ढकलले जातात. दोष त्याच्या तर्कात नाही. तर्क चोख आहे. जोडी चुकीची लावून दिली आहे.

आता तक्ता बाजूस ठेवून मुलास कोऱ्या कागदावर पेन्सिलीने दोन्ही अंगके काढावयास सांगावे, आणि प्रत्येक पटल एका रेघेने दाखविण्याची अट घालावी. तंतुकणिका काढताना बाहेरची एक रेघ अखंड फिरते, आतली दुसरी रेघ जागोजागी आत वळून क्रिस्टा तयार करते आणि पुन्हा बाहेर येते. म्हणजे क्रिस्टा कितीही खोल गेली तरी ती त्याच दुसऱ्या रेघेचा भाग असते, आणि रेघा दोनच राहतात. हरितलवक काढताना दोन रेघांचे आवरण पुरे होते, आतली रेघ सपाट राहते, आणि मग स्ट्रोमाच्या मधोमध तिसरी, स्वतंत्र, बंद रेघ काढल्याशिवाय थायलाकॉइड निर्माणच होत नाही. क्रिस्टा म्हणजे घराच्या भिंतीलाच आत आलेला कोनाडा, आणि थायलाकॉइड म्हणजे घरात ठेवलेला झाकणबंद रांजण, हा भेद रेघ ओढणाऱ्या हातास आपोआप कळतो. पिवळा रंग फिरविणाऱ्या हातास तो कधीच कळत नाही. प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या पेशीतील हरितलवकाची लांबी ५ ते १० मायक्रोमीटर आणि तंतुकणिकेची १ ते ४.१ मायक्रोमीटर, हे आकडे पाठ केले तर बिघडत नाही, पण त्या आकड्यांनी हा भेद उलगडत नाही.

रेघा मोजून झाल्या की तक्ता मुलानेच करावा, आणि डावीकडच्या रकान्यात नामे न लिहिता आकृतीस विचारावयाचे प्रश्न लिहावेत. माझ्या समजुतीप्रमाणे तो पुढीलप्रमाणे होईल:

| आकृतीस विचारलेला प्रश्न | तंतुकणिका | हरितलवक |
|---|---|---|
| वर्तुळाकार डीएनए व ७०एस रायबोसोम कोठे आहेत? | मॅट्रिक्समध्ये | स्ट्रोमामध्ये |
| कार्बन डायऑक्साइडचे कोठे काय होते? | मॅट्रिक्समध्ये सुटतो | स्ट्रोमामध्ये स्थिर होतो |
| प्रोटॉन कोठे साचतात? | दोन पटलांमधील अवकाशात | थायलाकॉइडच्या पोकळीत |
| एटीपी सिंथेजचे डोके कोणत्या बाजूस? | मॅट्रिक्सकडे | स्ट्रोमाकडे |
| आवरणाच्या दोन पटलांमधील अवकाशात प्रोटॉनचा साठा होतो काय? | होय | नाही |

या तक्त्यात मॅट्रिक्स स्ट्रोमासमोर बसला आहे. दोहोंत डीएनए आहे, दोहोंत रायबोसोम आहेत, दोहोंत कार्बन डायऑक्साइडची देवघेव होते, आणि एटीपी दोहोंच्या बाजूस तयार होते. थायलाकॉइडच्या पोकळीसमोर बसला आहे तो दोन पटलांमधील अवकाश. शेवटची ओळ मात्र अशी आहे की जिची तजवीज छापील तक्ते करीतच नाहीत: हरितलवकाच्या आवरणालाही दोन पटले आहेत, त्यांच्यामध्येही अवकाश आहे, परंतु प्रोटॉन साठविण्याचे काम तिसऱ्या रेघेच्या आत गेल्यामुळे त्या अवकाशाकडे ते काम उरलेले नाही. दोन अंगकांतील सारखी दिसणारी जागा सारखे काम करतेच असे नाही, ही गोष्ट त्या एका ‘नाही’मध्ये नोंदली गेली आहे, आणि परीक्षकाची नजरही नेमकी तेथेच असते.

मुलाने आकृती नक्कल करून काढली की समजून काढली, हे ओळखण्याचा एक सोपा उपाय आहे. पुस्तकातील तंतुकणिका नेहमी लांबीच्या अंगाने कापलेली असते. ती आडवी कापली असे समजून चित्र काढावयास सांगावे. नळीसारखी क्रिस्टा आडवी कापली गेली म्हणजे मॅट्रिक्सच्या मधोमध एक सुटे वर्तुळ दिसू लागते, आणि त्या वर्तुळाच्या आत काय आहे असे विचारले असता पुष्कळ मुले बिनदिक्कत ‘मॅट्रिक्स’ असे उत्तर देतात. वस्तुतः त्या वर्तुळात आहे तो दोन पटलांमधील अवकाशच, कारण क्रिस्टा म्हणजे त्या अवकाशाने आत घातलेला हात. आणि हे एकदा पटले की त्या वर्तुळाशेजारी थायलाकॉइडचे वर्तुळ काढून दाखवावे: दोहोंच्या आत प्रोटॉनची दाटी, दोहोंच्या बाहेर एटीपी सिंथेजची डोकी. ‘सर्वांत आतील भाग’ या शब्दांनी जी जोडी बिघडविली होती ती आडव्या छेदाने जुळून येते.

या आकृतीवर बेतलेला एक प्रश्न मी मुलांस आवर्जून घालतो. एकाच हरित पेशीत तंतुकणिकेच्या मॅट्रिक्समध्ये सुटलेला कार्बन डायऑक्साइडचा रेणू त्याच पेशीतील हरितलवकाच्या स्ट्रोमात जाऊन स्थिर झाला, तर वाटेत त्याने किती पटले ओलांडली? तंतुकणिकेची दोन आणि हरितलवकाची दोन, मिळून चार. मग उलट दिशेने विचारावे: प्रकाशात पाण्याचे विघटन होऊन निर्माण झालेला ऑक्सिजनचा रेणू तंतुकणिकेच्या मॅट्रिक्सपर्यंत पोचला, तर किती? घाईत असलेला मुलगा पुन्हा चारच म्हणतो. पण पाण्याचे विघटन थायलाकॉइडच्या पटलाच्या आतील अंगास होते, ऑक्सिजन पोकळीत सुटतो, आणि त्यामुळे तिसऱ्या रेघेचे एक पटल वाढून उत्तर पाच येते. ज्याची उत्तरे चार आणि पाच अशी आली त्याची आकृती पक्की झाली असे खुशाल समजावे, आणि त्याच्याकडून छापील तक्ता काढून घ्यावा.

हीच पटले मोजण्याची रीत पेशीतील दुसऱ्या एका ठिकाणी लावली असता अगदी निराळे उत्तर देते. आंतर्द्रव्यजालिका, गॉल्गी संकुल, लयकारिका आणि रिक्तिका यांना मिळून अंतःपटल संस्था म्हणतात, हे प्रत्येक मुलास ठाऊक असते. पण पेशीबाहेर टाकावयाचे प्रथिन या वाटेने जाताना किती पटले ओलांडते असे विचारले म्हणजे मुले बोटे मोजू लागतात. जालिकेचे एक, गॉल्गीत शिरताना एक, निघताना एक, शेवटी पेशीपटलाचे एक, असा त्यांचा जमाखर्च चालतो. खरे उत्तर एकच. खरखरीत जालिकेवरील रायबोसोमपाशी तयार होत असतानाच प्रथिन जालिकेच्या पोकळीत शिरते तेवढेच पटल त्यास ओलांडावे लागते. पुढे पुटिका खुडली जाते, गॉल्गीच्या सिस मुखास मिळते, ट्रान्स मुखाकडून दुसरी पुटिका सुटते आणि ती पेशीपटलाशी एकजीव होते, पण या साऱ्या प्रवासात प्रथिन पुन्हा एकदाही रेघ ओलांडीत नाही. जॉर्ज पॅलेड यांनी स्वादुपिंडाच्या पेशींत किरणोत्सारी अमिनो आम्लाचा माग काढून ही वाट दाखविली, आणि १९७४ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता. या विषयास मात्र तक्ता करू नये. जेथे गोष्ट क्रमाची आहे तेथे बाण हवा, रकाना नव्हे. जालिका आणि गॉल्गी यांचा ‘फरक स्पष्ट करा’ असा तक्ता मुलांकडून करून घेणे म्हणजे एकाच रस्त्यावरील दोन टप्पे एकमेकांचे प्रतिस्पर्धी म्हणून उभे करणे होय. तंतुकणिका व हरितलवक या संस्थेत का मोजले जात नाहीत, हेही बाणांनीच कळते: त्यांचे कार्य या वाटेशी जुळलेले नाही, आणि पुटिकांचा हा बाण त्यांच्यापाशी जाऊन थांबत नाही.

रायबोसोमच्या आकड्यांविषयी जाता जाता एवढेच, की ५०एस आणि ३०एस मिळून ७०एस, ६०एस आणि ४०एस मिळून ८०एस, हे पाहून मुले बेरीज चुकली असे समजतात. एस हे वजनाचे माप नसून अवसादनाच्या वेगाशी बांधलेले माप आहे, आणि तो वेग आकारावरही अवलंबून असल्यामुळे त्याची बेरीज होत नाही. एक वाक्य पुरे आहे. त्यासाठी स्वतंत्र तक्ता लागत नाही.

आता जैवरेणूंकडे वळू. येथे आपल्या वर्गांतून फिरणारा सर्वांत लोकप्रिय तक्ता म्हणजे स्टार्च, ग्लायकोजेन आणि सेल्युलोज यांचा. त्यात घटक, बंध, शाखा, आयोडिनशी रंग आणि कार्य असे रकाने असतात, आणि मुले ते पाचही रकाने पाच स्वतंत्र बाबी म्हणून घोकतात. वास्तविक त्यांतील बंधाचा रकाना हाच कारणाचा आहे आणि बाकीचे त्याचे परिणाम आहेत. हे दिसण्यासाठी पुन्हा पेन्सिलच हाती घ्यावी लागते. ग्लुकोजचे षट्कोनी कडे काढावे, कार्बनांस १ ते ६ असे क्रमांक द्यावेत, आणि पहिल्या कार्बनावरील हायड्रॉक्सिल गट खाली असेल तर अल्फा, वर असेल तर बीटा, एवढा एकच नियम लिहून ठेवावा. मग अल्फा कड्यांची माळ १ व ४ क्रमांकांच्या कार्बनांनी जोडीत जावे: सर्व कडी एकाच तोंडाने बसतात, आणि प्रत्येक बंधाशी थोडा थोडा कल साचत जाऊन माळ आपोआप गोल फिरू लागते. बीटा कडी जोडावयास जावे तर बंध नीट बसण्यासाठी दर दुसरे कडे उलथे करावे लागते. कल एकदा इकडे, एकदा तिकडे असा फिटत जातो आणि माळ सरळ राहते. पाठ करावयाचे ते एवढेच, की बंध कोणता. पुढचे हाताने काढता येते.

सरळ माळा शेजारी शेजारी बसल्या, त्यांच्यामध्ये हायड्रोजन बंध झाले, की दोरासारखा बळकट तंतू तयार होतो. म्हणून सेल्युलोज पेशीभित्तिकेत. गोल फिरणाऱ्या अमायलोजच्या माळेत फेऱ्यागणिक सुमारे सहा ग्लुकोज असतात आणि फेऱ्यांच्या आत पोकळी राहते. त्या पोकळीत आयोडिन धरला जातो, म्हणून निळा रंग. सेल्युलोजच्या सरळ माळेत आयोडिनला बसावयास जागाच नाही, म्हणून रंग नाही. ग्लायकोजेनमध्ये १ व ६ क्रमांकांच्या बंधाने फुटणाऱ्या शाखा इतक्या दाट असतात, दर ८ ते १२ घटकांमागे एक, की लांब सलग फेरे तयार होण्यास वाव मिळत नाही आणि रंग तांबूस तपकिरी येतो. स्टार्चमधील अमायलोपेक्टिनच्या शाखा त्या मानाने विरळ, साधारण २४ ते ३० घटकांमागे एक. मनुष्याच्या लाळेतील अमायलेजला अल्फा बंध तोडता येतो, बीटा येत नाही, हेही त्याच रेघेतून निघते. सेल्युलोजचा रंग बदलत नाही याचे कारण त्यात निराळी साखर असते असे उत्तर जो मुलगा देतो, त्याने घटकाचा रकाना आणि रंगाचा रकाना शेजारी वाचले आणि त्यांच्यातच नाते जुळविले, एवढाच त्याचा अर्थ. निराळी साखर पाहावयाची असेल तर ती इन्युलिनमध्ये आहे, कारण ते फ्रुक्टोजचे. आणि कायटिनचा घटक एन-असिटिल ग्लुकोजअमाइन असला तरी बंध बीटाच असल्यामुळे त्याची जागा तक्त्यात सेल्युलोजच्या शेजारी आहे, ग्लायकोजेनच्या नव्हे.

प्रयोगशाळेत किंवा घरीही याचा पडताळा घेता येतो. स्वच्छ कापसाच्या बोळ्यावर आयोडिनच्या द्रावणाचा थेंब टाकला तर डाग पिवळट तपकिरी राहतो, आणि खळ घातलेल्या सुती कापडावर तोच थेंब टाकला तर निळाजांभळा होतो. धागा तोच, साखरही तीच. खळीतील माळ फिरलेली आणि धाग्यातील माळ सरळ. एखाद्या मुलाने खळ घातलेले कापड घेऊन ‘सर, सेल्युलोज निळा झाला’ म्हणून तक्रार आणली, तर त्यास रागे न भरता ते कापड गरम पाण्याने अनेकदा धुऊन पुन्हा थेंब टाकावयास सांगावे.

याच आकृतीवर दोन हिशेबी प्रश्न उभे राहतात. ग्लुकोजचे दहा रेणू जोडून एक माळ केली, तर तिचा रेणुभार किती? ग्लुकोजचा रेणुभार १८०, दहांचे १८००, प्रत्येक बंधामागे पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो, आणि दहा कड्यांत बंध नऊ, म्हणून ९ गुणिले १८ म्हणजे १६२ वजा, उत्तर १६३८. मुले दहा पाणी वजा करून १६२० म्हणतात, ते आकृती न काढल्यामुळे. आता यातील तीन कडी शाखा म्हणून बाजूस बसविली तर उत्तर बदलेल काय? बदलणार नाही, कारण शाखा असो वा नसो, दहा कडी एकत्र राखावयास नऊच बंध लागतात. पण क्षपणकारी टोकांचा हिशेब मात्र निराळा आहे: शाखा कितीही फुटल्या तरी क्षपणकारी टोक एकच, प्रथेप्रमाणे उजवीकडचे, आणि प्रत्येक शाखेमागे एक अक्षपणकारी टोक वाढते. पाच शाखांच्या ग्लायकोजेनच्या चित्रात अशी टोके सहा. याचा तक्ता करून पाहिला तर तो अनावश्यक लांबतो. चित्रावर बोट ठेवून मोजले तर क्षणात होते.

तिसरी बाब थोडी वेगळी, कारण तीत आकडाच दिशाभूल करतो. पाठ्यपुस्तकात जिवंत ऊतीचे पृथक्करण सांगितले आहे: भाजीचा किंवा यकृताचा तुकडा ट्रायक्लोरोअसेटिक आम्लात खलबत्त्यात वाटावा, कापडातून गाळावा, जे खाली उतरले ते आम्लविद्राव्य, जे वर राहिले ते आम्लअविद्राव्य. मग तक्ता येतो: विद्राव्य भागातील संयुगांचा रेणुभार १८ पासून सुमारे ८०० डाल्टनपर्यंत, अविद्राव्य भागात प्रथिने, केंद्रकाम्ले, बहुशर्करा आणि मेद. येथे चलाख मुलाने थबकले पाहिजे, आणि जो थबकत नाही त्यास थांबवावे, कारण पाठ्यपुस्तकाप्रमाणे मेदांचा रेणुभार ८०० च्या पुढे जात नाही, तरीही ते अविद्राव्य भागात कसे? छापील तक्त्यात या विसंगतीचा जाब कोणी देत नाही. मुलगा एक तर मेदांना महारेणू मानून बसतो, किंवा ही ओळ अपवाद म्हणून पाठ करतो. आणि दोन्ही वाटा पुढे जाऊन नडतात, कारण ‘मेद हे महारेणू आहेत’ हे विधान देऊन त्याची परीक्षा घेता येते.

उत्तर पुन्हा चित्रात आहे. पेशीपटल काढावे, सिंगर आणि निकोल्सन यांनी १९७२ मध्ये मांडले तसे, फॉस्फोलिपिडांच्या दोन रांगा, डोकी बाहेर, शेपट्या आत. मग खोडरबराने ते दोन ठिकाणी तोडावे, म्हणजे वाटताना जे होते ते कागदावर होईल. तुटलेल्या कडांशी पाण्याची नावड असलेल्या शेपट्या उघड्या पडतात. त्या उघड्या राहू शकत नाहीत, म्हणून कडा वळून एकमेकींस मिळतात आणि पटलाचे तुकडे लहान लहान बंद पुटिका होतात. या पुटिका पाण्यात विरघळत नाहीत, आणि म्हणून कापडावर राहतात. मेदाचा एकटा रेणू लहानच आहे. पुटिकेच्या रूपाने तो अविद्राव्य भागात सापडतो. एकदा हे खोडरबराचे काम हाताने झाले म्हणजे तक्त्यात मेदांसमोर एक अधिक रकाना घालून ‘या भागात का?’ असे विचारावे, आणि प्रथिने, केंद्रकाम्ले व बहुशर्करा यांसमोर ‘रेणुभारामुळे’ व मेदांसमोर ‘पुटिकांमुळे’ अशी नोंद मुलाकडून करून घ्यावी. चार ओळींत एकच ओळ वेगळ्या कारणाची आहे, आणि प्रश्न त्याच ओळीवर निघतो.

आता व्यवस्थेविषयी थोडे. आपल्या वर्गांतील वेळेची तंगी मला ठाऊक आहे. साठ मुले, दीड तास आणि एका आठवड्यात दोन प्रकरणे, अशा हुकुमाखाली आकृत्या काढून घेणे ही चैन वाटेल. म्हणून प्रत्येक प्रकरणाचे सर्व तक्ते याप्रमाणे करावेत अशी माझी दरखास्त नाही. तंतुकणिका-हरितलवक, स्टार्च-सेल्युलोज आणि आम्लाचे दोन भाग, एवढे तीनच घ्यावेत. मुलाने पुस्तक मिटून पेन्सिलीने आकृती काढावी, मग पुस्तक उघडून राहिलेले लाल शाईने भरावे, पेन्सिल खोडू नये. लाल शाई कोठे लागली हीच त्या मुलाची खरी नोंद असते, आणि आठवड्याने पुन्हा कोऱ्या कागदावर काढताना लाल शाई त्याच जागी लागली तर तेथे समज नाही, केवळ स्मरण आहे, असे धरून चालावे. तक्ता तयार झाल्यावर त्याचे मथळे कागदाने झाकून, ओळी उलटसुलट वाचून दाखवून, हे कोणाचे असे विचारावे. ज्या ओळीवर वर्ग चाचरतो ती ओळ ठेवावी, ज्या ओळीवर कोणीच चाचरत नाही ती बाद करावी. हरितलवक हिरवे असते हे सांगण्यासाठी रकाना खर्ची घालण्यात अर्थ नाही.

खासगी वर्गांच्या चालकांनाही एक विनंती. छापील तक्ता द्यावयाचाच असेल तर डावीकडचा प्रश्नांचा रकाना छापावा आणि उजवीकडचे दोन कोरे सोडावेत. कागदाचा खर्च तेवढाच येतो.

येत्या चाचणीसाठी आपणांस उपयोगी पडेल म्हणून एक प्रश्न सोबत देतो: पृथक केलेल्या तंतुकणिकांचे बाह्य पटल काढून टाकले, आतील पटल शाबूत राहिले, तर प्रोटॉन बाहेर टाकण्याचे काम चालू राहील काय, आणि ते जातील कोठे? पटले रेघांनी काढणारा मुलगा सांगेल, की काम चालू राहील, कारण ते आतील पटलाचे आहे, आणि प्रोटॉन आता आजूबाजूच्या द्रावणात जातील, कारण दोन पटलांमधील अवकाश आणि बाहेरचे द्रावण यांत रेघच उरलेली नाही. उत्तरपत्रिका तपासताना ‘मॅट्रिक्समध्ये’ असे किती जण लिहितात ते मोजून ठेवावे, आणि जमल्यास मला कळवावे.



आपला नम्र,
जीवशास्त्राचा एक सेवानिवृत्त अध्यापक